कोंढाण्याची ती रात्र: कोणती गोष्ट कुणी सांगितली, आणि किती वर्षांनी

प्रश्न: शिवाजी महाराजांवर मोठा लेख लिहितोय आणि कोंढाण्याच्या प्रसंगाशी येऊन अडकलोय. घोरपड, शेलारमामा, 'आधी लगीन कोंढाण्याचं', 'गड आला पण सिंह गेला', किल्ल्याचं बदललेलं नाव. यातलं पुराव्यानं उभं राहतं ते काय आणि दंतकथा कुठली, हे ठरवायचं कसं? शिवाय 'दंतकथा' म्हटलं की वाचक दुखावतात, मग लिहायचं तरी कसं?

उत्तर:

'कोंढाण्याचा प्रसंग खरा की खोटा' असा प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर कधीच मिळणार नाही, कारण हा प्रसंग म्हणजे एक विधान नाही. त्यात दहा-बारा वेगवेगळी विधानं एकमेकांत मिसळली आहेत. गड अमुक तिथीला घेतला, तानाजी मालुसरे पडले, उदेभान मारला गेला, मावळे कड्यावरून चढले, घोरपडीच्या साहाय्यानं चढले, महाराज अमुक वाक्य बोलले, किल्ल्याचं नाव बदललं. यातलं प्रत्येक विधान कागदावर वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याच्यासमोर एवढंच लिहा की ते सगळ्यात आधी कुठे भेटतं. खरं-खोटं ठरवण्याची घाई तोवर करू नका. ही यादी प्रामाणिकपणे केली की निम्मं काम होतं. लोक एकाच दमात जी गोष्ट सांगतात तिचे तुकडे निरनिराळ्या काळांतले आहेत, हे त्या यादीतच दिसायला लागतं.

या प्रसंगासाठी तीन साधनं मुख्य धरा.

पहिलं, जेधे शकावली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात सापडलेली ही तिथीवार टिपणं आहेत. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली छापून अभ्यासकांपुढे आणली. शकावली वर्णन करत नाही. शक, महिना, तिथी आणि काय घडलं ते एक-दोन ओळींत. तिला कुणाचा पराक्रम रंगवायचा नसतो, म्हणून तारखांच्या बाबतीत तिचं वजन मोठं. महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात, म्हणजे १६२७ की १६३० या प्रश्नात, पारडं फिरलं ते मुख्यतः याच शकावलीमुळे.

दुसरं, कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. महाराजांच्या काळात वावरलेल्या या माणसानं ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, १६९४च्या सुमारास लिहिली. म्हणजे घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांनी. त्या रात्रीचे काही लोक तेव्हा जिवंत असणार आणि सभासदाच्या कानांवर त्यांच्या हकिगती गेलेल्या असणं सहज शक्य आहे. पण तो आठवणीतून लिहितो, घटनांचा क्रम मागे-पुढे करतो आणि आकडे गोल करतो. पूर्ण विश्वास आणि पूर्ण अविश्वास, दोन्ही इथे चुकीचे.

तिसरं, तुळशीदास शाहिराचा पोवाडा. तो गोंधळी-शाहिरांच्या तोंडून चालत आला आणि अॅकवर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहात १८९१ साली छापला गेला. तो महाराजांच्याच काळातला, खुद्द जिजाऊंच्या सांगण्यावरून रचलेला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते तसंच उतरवून घेऊ नका, आधी पोवाडा वाचा. सुरुवातीलाच सिंहगड आणि पन्हाळा हे दोन्ही मोगलांचे असल्याचं शाहीर सांगतो. सिंहगड १६६५च्या पुरंदरच्या तहानं मोगलांकडे गेला होता, ते बरोबर. पन्हाळा मात्र १६७० साली विजापूरच्या आदिलशहाकडे होता. तो महाराजांनी १६७३ साली घेतला तो आदिलशाहीकडूनच. पन्हाळा कुणाच्या ताब्यात आहे हे त्या काळातल्या शाहिराला ठाऊक नसणं अवघड आहे. पुढे औरंगजेबाच्या स्वारीनंतर, जेव्हा 'शत्रू' म्हणजे मोगल एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं, तेव्हा असा घोटाळा सहज होतो. एखाद्या रचनेचा काळ तिच्याबद्दलच्या आख्यायिकेवरून ठरवायचा नसतो. तो तिच्या आतल्या अशा चुकांवरून ठरवायचा.

आता यादीतली विधानं एकेक घेऊ.

तिथी. शके १५९१, माघ वद्य नवमी, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या पंचांगानं ती दहा दिवस पुढे, १४ फेब्रुवारीला येते. लेखात दोन्ही पद्धती मिसळू नका. महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी लिहिली, तर हीदेखील ४ फेब्रुवारीच लिहा, कारण दोन्ही एकाच पद्धतीच्या आहेत. दुसरी काळजी महिन्याची. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपला माघ वद्य पक्ष उत्तरेच्या पंचांगात फाल्गुनात पडतो. उत्तरेतलं पंचांग लावून तारीख काढणारे नेमके याच ठिकाणी एक महिना चुकतात.

तिथीतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे चंद्र. वद्य नवमीच्या आसपास चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध पूर्ण काळोखाचा. सभासद सांगतो की गनीम वर आल्याचं कळताच रजपूत हिलाल आणि चंद्रज्योती पेटवून चालून आले. मशालींचा हा तपशील तिथीशी जुळतो. शकावली आणि बखर ही वेगवेगळ्या हातांची साधनं अशी एकमेकांना आधार देतात तेव्हा लिहिणाऱ्यानं थोडं निर्धास्त व्हावं. चित्रांमध्ये भरल्या चांदण्यात कडा चढणारे मावळे दिसतात, त्याला मात्र आधार नाही.

चढाई आणि घोरपड. माझ्या मते हा भाग नीट समजला की बाकीचा आपोआप सुटतो. सभासद चढाईचं वर्णन करतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे चांगले चढणारे दोन मावळे निवडून रात्री कड्यावर चढवले. वानरांसारखे ते चढून गेले. वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशे माणसं वर गेली. घोरपड नाही. यशवंती हे नाव नाही. ती भेटते पोवाड्यात.

इथे कुणीही म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की 'सभासदानं लिहिलं नाही म्हणून ते घडलंच नाही असं कसं म्हणता?' एखादं साधन गप्प आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे खरंच. पण गप्प बसण्याचेही प्रकार असतात. जो लेखक त्याच विषयावर तपशिलानं बोलतो आहे आणि नेमकी ती गोष्ट वगळतो, त्याचं मौन वजनदार. जो त्या विषयाकडे वळतच नाही, त्याच्या मौनाला काही अर्थ नाही. सभासद कडा कसा चढले हेच सांगतो आहे. किती माणसं पुढे गेली, काय लावलं, मागून किती आले. अशा ठिकाणी दोर बांधलेली घोरपड असती तर ती सुटली नसती. वानराची उपमा सुचलेला माणूस घोरपड विसरत नाही.

दुसरी कसोटी, तीच कथा आणखी कुणाबद्दल सांगितली जाते का हे पाहणं. घोरपडे घराण्याच्या नावामागेही हीच कथा आहे: बहमनी काळात त्यांच्या पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून अवघड किल्ला सर केला, म्हणून ते घोरपडे. एकच चमत्कारिक तपशील दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या वीरांना चिकटतो, तेव्हा तो फिरता तपशील समजावा. शूराच्या कथेला तो शोभतो, म्हणून शाहीर तो उचलतो. प्राण्याची ताकद, त्याचं वजन, नख्यांची पकड यांवरचा वाद मी शेवटी ठेवतो, किंबहुना टाळतोच. 'अशक्य आहे' म्हटलं की समोरचा 'त्या काळी घोरपडी मोठ्या होत्या' म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. 'हे पहिल्यांदा कुणी आणि केव्हा सांगितलं' या प्रश्नावर मात्र तिला पुढे जावंच लागतं.

शेलारमामा. पोवाड्यात तानाजी पडल्यावर ऐंशी वर्षांचा शेलारमामा उदेभानाला मारतो. सभासदाच्या हकिगतीत तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, आणि तानाजी व उदेभान एकमेकांच्या हातून पडले. मग तानाजींचा भाऊ सूर्याजी यानं हिंमत धरून लोक सावरले. पुन्हा तोच नियम: तानाजींनंतर कुणी काय केलं हेच सभासद सांगतो आहे, आणि तिथे नाव सूर्याजीचं आहे. म्हणून मुख्य मजकुरात सूर्याजी घ्या. सूर्याजीनं परतीचे दोर कापल्याची गोष्टही बखरीत नाही. दोर नाहीसे केल्याचं सांगून पळणाऱ्यांना अडवल्याचा भाग ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासात येतो. ते घडलंच नसेल असं नाही, पण दीडशे वर्षांनंतरच्या साधनातली गोष्ट सभासदाच्या ओळीला जोडून लिहिलीत तर वाचकाला ती त्याच वजनाची वाटेल.

रायबाचं लग्न मात्र वेगळ्या खणात ठेवा. लग्नाचं आमंत्रण घेऊन तानाजी आले आणि 'आधी लगीन कोंढाण्याचं' म्हणाले, हे पोवाड्यातलं. सभासदाच्या बखरीत तानाजी 'कोंढाणा आपण घेतो' असं कबूल करतात इतकंच. पण बखर महाराजांची आहे, मालुसऱ्यांच्या घरातलं कार्य सांगायचं तिला कारण नव्हतं. तिच्या मौनाला इथे वजन नाही. म्हणून घोरपडीबद्दल 'हे घडलं नसावं' असं लिहिता येतं, तसं या लग्नाबद्दल लिहिता येत नाही. 'पोवाड्याची परंपरा असं सांगते' इथेच थांबावं लागतं. सरसकट सगळ्याला 'दंतकथा' हा एकच शिक्का मारणारे हाच फरक पुसून टाकतात, आणि वाचक चिडतो तोही बहुधा याच सरसकटपणामुळे.

जागांची कसोटी नकाशावर घ्या. पोवाड्यात जिजाऊ प्रतापगडावरून सिंहगड पाहतात आणि तो परत घ्यायचा हट्ट धरतात. प्रतापगड ते सिंहगड सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्रीच्या रांगा. सभासद म्हणतो, गड घेतल्यावर पागेच्या खणांना आग लावली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. राजगड ते सिंहगड सरळ अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. स्वच्छ हवेत एकावरून दुसरा दिसतो, हे गड फिरणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे बखरीतला तपशील जमिनीवर उतरतो, पोवाड्यातला उतरत नाही. जमिनीशी जुळला म्हणून तपशील सिद्ध होत नाही, पण न जुळणारा मागे टाकायला हे पुरेसं कारण आहे.

आकडे. सभासदाच्या हकिगतीत तीनशे माणसं वर गेली, बाराशे रजपूत चालून आले, आणि शेवटी बाराशेच्या बाराशे मारले गेले. आलेल्यांचा आकडा आणि मेलेल्यांचा आकडा तंतोतंत एक असला की तो मोजून लिहिलेला नाही, हे ओळखावं. 'वर चढलेल्यांपेक्षा गडावरची शिबंदी बरीच मोठी होती' असं लिहा, आणि आकडे द्यायचेच तर 'सभासदाच्या मते' हे दोन शब्द सोडू नका.

आता खुद्द महाराजांशी जोडलेल्या दोन गोष्टी, ज्यांवर सगळ्यात जास्त लिहिलं जातं.

'गड आला पण सिंह गेला.' हे वाक्य अवतरणचिन्हांत महाराजांच्या तोंडी घालू नका. सभासदाच्या बखरीत महाराजांचे उद्गार आहेत ते 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असे. तानाजी हाच एक गड होता, हा त्यातला भाव मला तरी नंतरच्या वाक्याहून अधिक खोल वाटतो. सिंहाचं रूप पुढे रूढ झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरि नारायण आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीनं ते घराघरांत नेलं. अवतरणचिन्हांसाठी माझा नियम कडक आहे: ज्या साधनात ते शब्द आहेत त्याचं नाव वाक्यातच आलं पाहिजे. 'सभासदाच्या बखरीनुसार महाराज म्हणाले' असं. पंचवीस वर्षांनी लिहिलेले शब्द अक्षरशः तेच असतील याची हमी तिथेही नाही. म्हणून 'बखरीनुसार' हा शब्द शोभेचा नाही.

किल्ल्याचं नाव. तानाजींच्या बलिदानानंतर महाराजांनी कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं, हे शाळेपासून ऐकलेलं. पण महाराजांचं मोरोपंत आणि निळोपंत यांना लिहिलेलं ३ एप्रिल १६६३चं पत्र आहे. त्यात सिंहगडावर फितवा झाल्याची खबर आली आहे असं ते कळवतात. म्हणजे तानाजी पडण्याच्या जवळजवळ सात वर्षं आधी महाराजांच्याच पत्रात हे नाव आहे. इथे बखर विरुद्ध पोवाडा असा वाद उरत नाही. प्रत्यक्ष कामकाजात लिहिलेलं पत्र समोर आहे, आणि त्यातलं नाव सहज आलेलं आहे, काही सिद्ध करण्यासाठी नाही. अनवधानानं दिलेली अशी साक्ष सगळ्यात भक्कम असते. फक्त एक लक्षात ठेवा: जुनं नाव त्यामुळे लगेच मेलं नाही. सभासद तर १६९४च्या सुमाराससुद्धा कोंढाणाच लिहितो. म्हणून नुसतं कोणतं नाव वापरलंय यावरून कागदाचा काळ ठरवायला जाऊ नका.

पत्र म्हटलं की ते डोळे झाकून खरं, असंही नाही. वतनांच्या भांडणांत बनावट महजर आणि सनदा भरपूर झाल्या, आणि अनेक घराण्यांना आपल्या पूर्वजाचं नाव एखाद्या मोठ्या प्रसंगात हवं असतं. कुणी घरातला कागद दाखवून 'आमचा पूर्वज तानाजींसोबत होता' म्हणालं, तर आधी पाहा की त्या कागदामुळे कुणाला जमीन, मान किंवा हक्क मिळत होता का. मग मोडीचं वळण, मायने, शिक्का आणि तिथी-वाराचा मेळ. तिथीला दिलेला वार पंचांगाशी जुळत नसेल तर सावध व्हा. नक्कलकाराची चूकही असू शकते, पण तेवढ्या एका कागदावर लेख उभा करू नका.

हे सगळं झाल्यावर तुमचा मुख्य परिच्छेद साधारण असा होईल:

'१६६५च्या तहात मोगलांना दिलेला कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी घेतला. रात्री निवडक मावळे कडा चढून गेले आणि दोराच्या शिडीवरून बाकीचे वर आले, असं सभासद लिहितो. लढाईत तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही पडले. सूर्याजी मालुसरे यांनी लोक सावरून गड ताब्यात घेतला, असं सभासद सांगतो. महाराजांनी राजगडावरून आगीचा उजेड पाहिला आणि तानाजी गेल्याचं कळल्यावर "एक गड घेतला, परंतु एक गड गेला" असं म्हटल्याचं बखरीत नमूद आहे.'

यात पराक्रम कुठे कमी झाला? काळोखात, हातापायांच्या बळावर कडा चढणारी ती दोन माणसं घोरपडीच्या कथेत दुय्यम होतात. बखरीत ती पुढे येतात. वाचकांसमोर हेच ठेवा. 'घोरपड खोटी' या वाक्यानं सुरुवात करू नका. आधी हा परिच्छेद, आणि मग स्वतंत्र परिच्छेदात पोवाडा. त्याला त्याचा पूर्ण मान द्या: यशवंती, शेलारमामा, रायबाचं लग्न, सारीपाट खेळणाऱ्या जिजाऊ, सगळं सविस्तर सांगा आणि ही तुळशीदासाची रचना आहे, १८९१ साली छापली गेली, हे तिथेच लिहा. लोकांनी तानाजींना कसं जपलं याचा तो स्वतः पुरावा आहे, फक्त १६७०च्या त्या रात्रीचा नाही.

वाक्यांची क्रियापदं सांभाळलीत की तळटिपांची गर्दीही लागत नाही. ज्याला शकावली किंवा पत्राचा आधार आहे ते सरळ 'घेतला', 'पडले' असं लिहा. एकट्या बखरीचं असेल तर 'सभासद सांगतो'. पोवाड्यातलं असेल तर 'पोवाड्यात येतं'. 'असं म्हणतात' हे मात्र कुठेही नको, कारण कोण म्हणतं आणि केव्हापासून, हेच त्यात लपतं. लेख छापायला देण्याआधी 'असं म्हणतात', 'सर्वश्रुत आहे', 'इतिहास सांगतो' ही तीन रूपं मजकुरात शोधा आणि प्रत्येक ठिकाणी साधनाचं नाव घाला. जिथे नाव घालता येत नाही, ते वाक्य काढून टाका.